मदत हवी आहे: रोज गल्ला जुळतो, तरी माल कमी. पीओएसच्या रिपोर्टमध्ये नक्की काय बघू?

दुकानदार_२
तीन कॅशियर, दोन काउंटर. रोज रात्री झेड रिपोर्ट काढतो, रोकड मोजतो, हिशेब जुळतो. तरी दोनदा स्टॉक मोजला आणि दोन्ही वेळा माल कमी भरला, तोही महाग आणि आकाराने छोटा. व्हॉइडच्या रिपोर्टमध्ये एका मुलीची रद्द बिलं बाकी दोघांच्या दुप्पट दिसतात. डिस्काउंटचा आकडाही मागच्या महिन्यापेक्षा वाढलाय. तिला सरळ विचारू का? लवकर सांगा, शनिवारी पगार करायचाय.

सावळागोंधळ
गल्ला जुळतोय ना? मग काउंटरवर चोरी नाही. पैसे गेले असते तर रोकड कमी आली असती. माल मागच्या दारानं किंवा गिऱ्हाइकाच्या पिशवीतून जातोय. कोपऱ्यात गोल आरसे लावा, आमच्याकडे खूप फरक पडला.

हिशेबी
सावळागोंधळ, इथेच सगळे फसतात. गिऱ्हाईक रोख देऊन गेलं की कॅशियर ते बिल रद्द करतो. बिल रद्द झालं की मशीन तेवढी रोकड अपेक्षितच धरत नाही. मग ती रक्कम खिशात गेली तरी रात्री गल्ला तंतोतंत जुळतो. कमी पडतो तो फक्त माल. गल्ला जुळणं हा या चोरीविरुद्धचा पुरावा नाही, ती नीट केली तर गल्ला जुळणारच.

दुकानदार, हे सांगा: रद्द बिलं पैसे घेण्याआधीची की नंतरची? रोख की कार्ड? तिघांचे पिन वेगळे आहेत का? आणि 'दुप्पट' म्हणजे किती बिलांमागे?

दुकानदार_२
पिन वेगळे आहेत. बाकी बघावं लागेल. सॉफ्टवेअर नेहमीचंच आहे.

चाळीतलाबाळू
'नेहमीचंच' म्हणजे कोणतं? 😀 आणि सॉफ्टवेअर बदलाच. आम्ही क्लाउडवालं घेतलं, बिल रद्द झालं की मोबाईलवर मेसेज येतो.

हिशेबी
मेसेज येईल हो, दिवसाला चार. आठवड्याने बघणं बंद होईल. आधी आहे त्या रिपोर्टमधून काय निघतं ते बघू द्या त्यांना.

एकेकाळीकाउंटरवर
दुकानदार, शनिवारी त्या मुलीला काही विचारू नका, कळकळीची विनंती. मी सहा वर्षं कॅशियर होते. माझीही रद्द बिलं सगळ्यांत जास्त असायची, कारण माझ्या काउंटरचा स्कॅनर एक वस्तू दोनदा वाचायचा. बिल छापल्यावर गिऱ्हाईक ओरडायचं, मी रद्द करून नवीन करायचे. मालकांनी सगळ्यांसमोर पर्स उघडायला लावली. नंतर स्कॅनर बदलला, माफी कोणी मागितली नाही.

दुकानदार_२
बरं. सात दिवसांची यादी एक्सेलमध्ये काढली. फक्त पैसे घेतल्यानंतर रद्द केलेली बिलं मोजली.

क: ६४० बिलं, ८ रद्द
ख: ५९० बिलं, २१ रद्द (ही ती मुलगी)
ग: ६१० बिलं, ९ रद्द

ख चं काय ते दिसतंच आहे.

हिशेबी
अजून काहीच दिसत नाही. यादीत बिल झाल्याची वेळ आणि रद्द केल्याची वेळ, दोन्ही असतील. शेजारी एक रकाना करा, मधली मिनिटं काढायला. एफमध्ये बिलाची वेळ आणि जीमध्ये रद्दची वेळ असेल तर:

```
=(G2-F2)*1440
```

मग प्रत्येक रद्द बिलाशी दोन गोष्टी ताडून बघा. पैसे रोख होते का? आणि रद्द झाल्यावर पाचेक मिनिटांत त्याच काउंटरवर जवळपास तोच माल असलेलं नवीन बिल झालं का? खऱ्या चुकीत गिऱ्हाईक समोर उभं असतं, म्हणून रद्द लगेच होतं आणि पाठोपाठ दुरुस्त बिल निघतं. चोरीत गिऱ्हाईक निघून जाण्याची वाट बघावी लागते आणि नवीन बिल करायचं कारणच नसतं.

गणितमास्तर
रोखीचं प्रमाणही बघा. एकूण बिलांत रोख निम्मी असतील तर रद्दमध्येही निम्मीच हवीत. जास्त असतील तर चोर सापडलाच.

हिशेबी
मास्तर, अर्धं बरोबर. कार्डाचे पैसे परत करायचे तर बऱ्याच ठिकाणी ते व्हॉइडमध्ये न जाता रिफंडमध्ये जातात. त्यामुळे व्हॉइडच्या यादीत रोख तशीही जास्तच दिसते. एकूण बिलांशी तुलना करू नका, तिघांची एकमेकांशी करा. रिफंडची यादीही एकदा डोळ्यांखालून घाला.

दुकानदार_२
काल रात्री दोन वाजेपर्यंत बसलो. डोकं गरगरतंय.

ख च्या २१ पैकी १८ दोन मिनिटांच्या आत रद्द, आणि १८ च्या १८ पाठोपाठ नवीन बिलं. तीच वस्तू, फक्त नग २ चा १ झालेला. उरलेली तीन माल परत आल्याची, त्यावर गिऱ्हाइकाची सही आहे. म्हणजे स्कॅनरच निघाला बहुतेक.

ग ची ९ च्या ९ रोख. कमीत कमी अंतर १२ मिनिटं, जास्तीत जास्त ४०. एकाचंही नवीन बिल नाही. नऊपैकी सात दुपारी दोन ते चारमधली, तेव्हा मी दुकानात नसतो. माल बघितला तर जो स्टॉकमध्ये कमी आला तोच. क ची आठ मिश्र आहेत, चार रोख, चार कार्ड, सगळी पटकन रद्द.

ग माझ्याकडे सर्वांत जुना. यादीत नावही सगळ्यांत खाली होतं, मी बघितलंच नसतं.

एकेकाळीकाउंटरवर
🙏 ख चा स्कॅनर आजच बदला.

चाळीतलाबाळू
मग झालं! ग ला काढा, नवीन सॉफ्टवेअर घ्या.

हिशेबी
बाळू, जरा थांबा. दुकानदार, पैसे घेतल्यावर बिल रद्द करायला तुमच्याकडे वरच्या माणसाची मंजुरी लागते का? लागत असेल तर त्या नऊ बिलांवर मंजुरी कोणाची आहे?

दुकानदार_२
सुपरवायझरचं कार्ड स्वाइप करावं लागतं. नऊच्या नऊ वेळा एकच कार्ड. सुपरवायझर म्हणजे माझा मेव्हणा. आणि त्या सातपैकी दोन दिवस तो गावाला होता.

आत्ता विचारलं. म्हणतो, सारखं उठायला लागतं म्हणून कार्ड कीबोर्डखाली ठेवलेलं असतं.

सावळागोंधळ
म्हणजे मेव्हणा सुटला.

गणितमास्तर
दोन दिवसांपुरता सुटला. बाकी दिवसांचं काय? घरात विषय काढताना जपून, दुकान परवडलं पण सासर नको.

बेरीजवजाबाकी
अवांतर: डिस्काउंट वाढल्याचं कोणी बघितलंच नाही. आमच्याकडे मेंबर नंबर टाकला की दहा टक्के सूट मिळायची. एका मुलानं स्वतःच्या आईचा नंबर पाठ करून ठेवला होता. मेंबर नसलेल्या गिऱ्हाइकाला पूर्ण रक्कम तोंडी सांगायची, पैसे घ्यायचे, मग नंबर टाकून बिल बंद करायचं आणि फरक खिशात. कागद मागितलाच तर 'प्रिंटर अडकलाय'. मेंबर नंबरानुसार यादी लावली तेव्हा एकच बाई दिवसात १४ वेळा खरेदीला आलेली दिसली. त्यातही सगळी बिलं रोख.

दुकानदार_२
बघितलं. एक नंबर आठवड्यात ९ वेळा आहे, पण तो शेजारच्या ऑफिसचा, त्यांचा शिपाई रोज येतो. आणि तो कार्डानेच देतो. वाढ झाली ती आम्हीच लावलेल्या सेलमुळे, मीच विसरलो होतो. हे सोडा. ग चं काय करू?

हिशेबी
यादीवरून काही सिद्ध होत नाही, कुठे बघायचं एवढंच कळतं. हे करा. रद्द केलेली रक्कम लगेच खिशात घालणं धोक्याचं असतं, म्हणून ती बऱ्याचदा गल्ल्यातच राहते आणि संधी बघून किंवा शिफ्ट संपताना काढली जाते. तोवर गल्ल्यात रोकड *जास्त* असते. तेव्हा न सांगता साडेतीनच्या सुमारास जा, एक्स रिपोर्ट काढा आणि तिथेच मोजा. एक्स काढल्यानं दिवसाचे आकडे शून्य होत नाहीत. चुकून झेड काढू नका. दोन्ही काउंटर मोजा, नाहीतर कोणावर संशय आहे ते लगेच कळेल. आणि मोजणाऱ्याला अपेक्षित रक्कम आधी सांगू नका.

तोवर मेव्हण्याच्या कार्डाला हात लावू नका. ते बंद केलंत की माणूस सावध होईल.

एकेकाळीकाउंटरवर
हे मला पटत नाही. चोरीची संधी उघडी ठेवून माणसाला पकडायचं? आधी कार्ड बंद करा. चोरी थांबली की पुरे.

हिशेबी
मग गेलेला माल कोणाच्या नावावर टाकायचा? आणि संशय उरतोच, तो उद्या परत ख वर येईल.

दुकानदार_२
मोजलं. मंगळवारी दोन्ही काउंटर जुळले. काल तीन चाळीसला ग च्या गल्ल्यात रोकड जास्त निघाली. त्या दुपारी त्याच्या लॉगिनवर दोन बिलं रद्द झाली होती, दोन्हींची बेरीज बरोबर तेवढीच.

ग ला आत बोलावलं, सगळं समोर ठेवलं. तो रडायला लागला. म्हणाला, साहेब, दोन ते अडीच मी जेवायला जातो, लॉगआउट करत नाही, कारण परत शिरायला वेळ लागतो. तेवढ्यात माझ्या काउंटरवर जो मोकळा असेल तो बसतो.

काल ख बसली होती. इतर दिवशी कोण, कोणालाच आठवत नाही.

गणितमास्तर
म्हणजे पिन वेगळे होते, पण नावापुरतेच.

हिशेबी
नऊ बिलांच्या रद्द केल्याच्या वेळा एका कागदावर काढा. दोन ते अडीचच्या बाहेर किती पडतात? ती बिलं तरी ग ची स्वतःची आहेत. आतल्यांसाठी कॅमेरा बघा, पण आधी कॅमेऱ्याचं घड्याळ आणि पीओएसचं घड्याळ ताडून घ्या.

दुकानदार_२
बाहेर चार. आत पाच. कॅमेऱ्याचं घड्याळ अकरा मिनिटं मागे आहे, आणि रेकॉर्डिंग पाच दिवसांचंच उरतं. त्या नऊपैकी तीनच बिलं त्यात सापडतील. आज रात्री बसतो.

सावळागोंधळ
कॅमेरा गल्ल्यावर आहे की दारावर?

दुकानदार_२
दारावर.