मदत हवी: तक्रारीच्या सुनावणीची नोटीस, दोघांना वेगळी वेळ कशी द्यायची?

माच्छेची_सुनबाई: उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत ऑफिसचं काम बघते. मोल्डिंगच्या कामगारानं लेखी तक्रार दिलीय की सुपरवायझर ओव्हरटाइमचे तास कमी लावतात. दोघं फर्स्ट शिफ्टलाच, सात ते तीन. मालकांनी जुन्या फायलीतला नमुना दिला, "तास कापल्याबद्दल खुलासा देण्यास दोघांनी गुरुवारी अकराला हजर राहावे". मला हे पटेना. कसं लिहू?

जुना_टाइमकीपर: ताई, "कापल्याबद्दल" म्हटलं की निकाल आधीच लागला ओ. असं लिहा: "ओव्हरटाइमच्या नोंदींबाबत दि. अमुकची तक्रार आली आहे, त्याबाबत आपले म्हणणे ऐकून घ्यायचे आहे." दोघांना हेच वाक्य, फक्त वेळ वेगळी. कामगाराला दहा, सुपरवायझरला साडेअकरा, कारण पहिल्याचं बोलणं लांबतंच आणि टाइम ऑफिसच्या बाकावर दोघं शेजारी बसले की पुढं कोण मोकळं बोलणार? वेळ शिफ्टमध्येच द्या, तीननंतर नको, आणि त्या वेळेचा पगार कापू नका. तक्रारीची प्रत सुपरवायझरला दोन-तीन दिवस आधी द्या, नाहीतर तो रजिस्टर कधी बघणार? आणि माइकवरून नाव पुकारू नका, बंद पाकीट हातात द्या.

कायदा_माहितीये: गोपनीयतेला कलम 16 टाका, बाहेर बोललं की दंड.

जुना_टाइमकीपर: ते 2013 च्या लैंगिक छळाच्या कायद्यातलं, त्या तक्रारी अंतर्गत समितीकडं जातात. हितं दंडाची भीती घालू नका. साधं लिहा, "सुनावणीतील बोलणे व कागद इतर कामगारांत चर्चेला आणू नयेत, आपल्या प्रतिनिधीचा किंवा युनियनचा सल्ला घेण्यास हरकत नाही." दुसरा अर्धा विसरला की माणसाला वाटतं आपलं तोंडच बांधलं.

खानापूरवाला: माझी ग्रॅच्युइटी अडवलीय दुसऱ्या कंपनीनं, हीच नोटीस चालेल काय?

जुना_टाइमकीपर: नाही दादा, ते वेगळं प्रकरण, नवा धागा काढा.

माच्छेची_सुनबाई: आभारी आहे काका. सुपरवायझर गोकाककडचे, कन्नडच वाचतात, कामगार मराठी. मग एकेकाला एकेका भाषेत देऊ?

जुना_टाइमकीपर: दोघांनाही दोन्ही भाषेत द्या बघा, नाहीतर उद्या कोणीतरी म्हणेल त्याच्या कागदात वेगळंच होतं. भाषांतर त्या दोघांच्या ओळखीच्या माणसाकडून करून घेऊ नका. आणि ऐकणार कोण? वीस किंवा जास्त कामगार असतील तर तक्रार निवारण समिती लागते, मालकाची आणि कामगारांची माणसं सारखी.

माच्छेची_सुनबाई: आम्ही पस्तीस जण, समिती आहे. पण कामगारांच्या बाजूचा एकजण तक्रार करणाऱ्याचा मेव्हणा आहे!

कायदा_माहितीये: मग त्याला गुरुवारपुरतं बाजूला बसवा.

जुना_टाइमकीपर: त्यानं स्वतः लिहून दिलं तर बरं, मालकानं काढला तर कामगार बिथरतील. आणि मग मालकाकडचाही एक कमी करावा लागेल का, तेवढं इथल्या वकिलाला विचारून मगच नोटीस काढा.

माच्छेची_सुनबाई: मेव्हण्यांशी उद्या बोलते, पण ते ऐकतील असं वाटत नाही. कोणाकडं असं झालंय का?