मदत हवी आहे: बाबांच्या शोकसभेसाठी फोटोंचा कोलाज, रविवारपर्यंत

मीनल_नौपाडा
माझे वडील गेल्या आठवड्यात गेले. रविवारी नौपाड्यातल्या एका हॉलमध्ये शोकसभा आहे. दोन बाय तीन फुटांचा कोलाज करायचाय. पंचवीसएक फोटो निवडलेत. मधोमध मोठा घ्यायचाय तो वागळे इस्टेटच्या कारखान्यातला, बाबा लेथपाशी उभे आहेत तो. पण तो व्हॉट्सॅपवरून आलाय, आणि प्रिंटवाला म्हणतो, मोठा केला की फाटेल. भावाचं म्हणणं, मध्ये आईबाबा एकत्र असू देत. आत्या म्हणते, हार घालायच्या फोटोत आई नको. शिवाय दवाखान्यातला शेवटचा फोटो घ्यावा असं भावाला वाटतं, त्यात नातवाने त्यांचा हात धरलाय. काय करू?

बंड्या_नेरुळ
ताई, सरळ फ्लेक्स करा. लगेच मिळतो, स्वस्त पडतो. लांबून बघायचा असतो, थोडा फाटला तरी कळत नाही.

देशमुखकाका
पेपरात द्यायचा असेल तर आधारवरचा फोटो चालतो. आमच्या बंधूंचा तोच दिला होता.

मीनल_नौपाडा
काका, पेपरात नाही, हॉलमध्ये लावायचाय.

स्टुडिओवाला_कळवा
मीनलताई, वाईट वाटलं. माझा स्टुडिओ आहे, अशी कामं नेहमी येतात.

बंड्यादादांचं म्हणणं चौकातल्या बॅनरला लागू आहे. शोकसभेत लोक फूल वाहायला हातभर अंतरावर येतात आणि चेहऱ्याकडेच बघतात. व्हॉट्सॅपने बारीक झालेला फोटो लांबीला साधारण १६०० पिक्सेल असतो. तो ८ इंचांपर्यंत छान येतो, २४ इंचांवर डोळे धुरकट होतात. मूळ कागदी फोटो कोणाकडे आहे ते शोधा. ४ बाय ६ चा प्रिंट ६०० डीपीआयवर स्कॅन केला की १२ बाय १८ इंचांपर्यंत निर्धास्त जातो. मूळ प्रिंटच हलला असेल तर मात्र स्कॅनने काही सुधारत नाही. स्कॅनर नसेल तर खिडकीच्या उजेडात, फ्लॅश बंद ठेवून मोबाइलने काढा आणि पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा. अल्बमच्या पानाला चिकटलेला असेल तर ओढू नका, अख्खं पान स्कॅन करा.

आता आत्याबाईंचा मुद्दा. हाराचा फोटो आणि कोलाज वेगवेगळे ठेवा, म्हणजे भांडणच उरत नाही. हाराचा फोटो एकट्या बाबांचा, छातीपर्यंतचा, चेहऱ्याखाली भरपूर जागा असलेला. नुसता चेहरा कापून मोठा केला की हार हनुवटीवर येतो. लेथचा फोटो हाराला घेऊ नका, उभ्या माणसाचा चेहरा लहान असतो आणि हाराखाली नेमकं मशीन झाकलं जातं. तो कोलाजमध्ये सगळ्यांत मोठा ठेवा, कोलाजला हार घालू नका आणि तो दाराशी स्टँडवर लावा. तिथे आईबाबांचा जोडीचा फोटोही शोभतो.

पंचवीस फार होतात, प्रत्येक चेहरा तिकिटाएवढा होईल. लेथचा एक मोठा आणि सात-आठ लहान पुरे. कडेच्या फोटोंत ते आतल्या बाजूला बघत असतील असे लावा. लॅमिनेशन मॅट घ्या, चकचकीत घेतलं तर हॉलच्या दिव्यांचा उजेड चेहऱ्यावर चमकतो.

सुहासिनी
सासूबाईंच्या वेळी आम्ही लग्नातल्या ग्रुप फोटोतून त्यांना कापून घेतलं. खांद्यावर दुसऱ्या कोणाचा तरी हात तसाच राहिला. हॉलमध्ये लावल्यावर दिसला, तेव्हा काहीच करता येईना. कापलेल्या फोटोच्या कडा आधी नीट बघा गं.

दवाखान्याच्या फोटोबद्दल सांगते: चेहरा, नळ्या, काही नको. फक्त दोघांचे हात येतील एवढाच भाग घ्या. पण आईंना दाखवल्याशिवाय नको.

बंड्या_नेरुळ
हाराचं लक्षात आलं नव्हतं. तरी फ्लेक्स कोलाजला चालेल ना? दाराशीच तर आहे.

स्टुडिओवाला_कळवा
दाराशीही लोक थांबून जवळून बघतात. घाईच असेल तर फ्लेक्सपेक्षा फोटोपेपरचा प्रिंट सनबोर्डवर चिकटवून घ्या, सपाट राहतो, सुरकुत्या पडत नाहीत.

मीनल_नौपाडा
सगळ्यांचे आभार. लेथचा मूळ प्रिंट डोंबिवलीच्या काकांकडे आहे, उद्या आणते. हाराला बाबांचा निवृत्तीच्या दिवशीचा फोटो घेतेय, त्यात खाली जागा आहे. हातांचा फोटो आईला दाखवला. ती काहीच बोलली नाही, मोबाइल परत दिला. भाऊ म्हणतो घेऊच. मला अजून कळत नाहीये.

सुहासिनी
मग त्याची जागा रिकामी ठेवू नका, दुसरा फोटो तयार ठेवा. आईंनी हो म्हटलं तर बदलता येईल.

स्टुडिओवाला_कळवा
बरोबर. फक्त बदल शुक्रवारपर्यंत कळवा. मोठा प्रिंट काढण्याआधी लेथच्या फोटोतला चेहऱ्याचा भाग तेवढा खऱ्या मापात छापून घ्या आणि हातभर अंतरावरून बघा. डोळे स्पष्ट दिसले तरच पुढे जा.