मदत हवी आहे: आजाराची बातमी सांगितल्यापासून मैत्रिणी टाळू लागल्या आहेत, त्यांना नेमके काय सांगावे?

सांजसावली:
नमस्कार. अडीच महिन्यांपूर्वी मला लिम्फोमाचे निदान झाले. दर 21 दिवसांनी एक अशा सहा केमो घ्यायच्या असून त्यांपैकी दोन पार पडल्या आहेत. उपचारांबद्दल माझी काही तक्रार नाही. प्रश्न मैत्रिणींचा आहे.

आमचा चौघींचा गट गेली अठरा वर्षे टिकून आहे. निदान कळले त्या रात्री मी व्हॉट्सअ‍ॅपवरच्या आमच्या गटात सगळी माहिती एकदाच लिहिली आणि शेवटी ‘काळजी करू नका, मी ठीक आहे’ असे म्हटले. तिघींनीही हात जोडल्याची चिन्हे पाठवली, ‘खंबीर राहा’ म्हटले, ‘काहीही लागले तर हक्काने सांग’ असेही लिहिले. त्यानंतर एरवी दिवसभर गजबजलेला तो गट जवळजवळ मुका झाला. मागच्या आठवड्यात एकीच्या बोलण्यातून चुकून कळले, की तिघींनी माझ्याविना दुसरा गट काढला आहे, कारण माझ्यासमोर थट्टामस्करी कशी करायची हे त्यांना समजत नव्हते.

त्यांचा हेतू वाईट नाही हे मला कळते, पण मला त्यांची ती थट्टाच हवी आहे. भीक मागितल्यासारखे किंवा दोष दिल्यासारखे न वाटता हे कसे सांगावे?

रोखठोक:
माझ्या मते तूर्त काहीच सांगू नये. केमोमध्ये प्रतिकारशक्ती कमी होते, त्यामुळे सहाही केमो संपेपर्यंत कोणी घरी न येणेच हिताचे असते. त्या आपण होऊन दूर राहत असतील, तर राहू द्या. मात्र त्या दुसऱ्या गटाविषयी त्यांना तोंडावर विचारा.

निळी_शाई:
तुम्ही सुदैवी आहात असे म्हणेन. मला मधुमेह झाल्याचे सांगितल्यापासून माझे मित्र माझ्या ताटाकडे डोळे लावून बसतात आणि प्रत्येक घासाचा हिशेब ठेवतात. लोकांनी लांब राहावे असे वाटत असेल, तर ‘डॉक्टरांनी विश्रांती सांगितली आहे’ हे वाक्य फार उपयोगी पडते.

सांजसावली:
@निळी_शाई, माझी अडचण नेमकी उलटी आहे. त्यांनी जवळ यावे असे मला वाटते. तरी ते वाक्य काही नातेवाइकांसाठी राखून ठेवते.

अबोली:
मी केमोच्या डे-केअर विभागात चौदा वर्षे परिचारिका आहे, त्यामुळे हा प्रसंग मी पुष्कळदा पाहिला आहे.

तुमच्या संदेशाच्या शेवटच्या वाक्याने दार अर्धे लोटले गेले आणि त्यांच्या ‘काहीही लागले तर’ने उरलेले अर्धे. ‘काहीही’ या शब्दात करण्याजोगे काहीच नसते. आता तुम्ही मागण्याची आणि त्या सांगितले जाण्याची वाट पाहत बसल्या आहात. शिवाय गटात लिहिले, की प्रत्येकीला वाटते दुसरी कोणी तरी बोलेल. म्हणून प्रत्येकीला वेगळे लिहा आणि प्रत्येकीकडे एकच, दिवस ठरवलेली गोष्ट मागा.

ते दिवस कसे ठरवायचे, हे तुमच्या केमोच्या चक्रातच दडलेले आहे. @रोखठोक यांचे म्हणणे निम्मे बरोबर आहे. 21 दिवसांच्या चक्रात पांढऱ्या पेशी साधारणपणे सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास सर्वांत कमी होतात आणि तिसऱ्या आठवड्यात बहुधा पुन्हा वाढतात. म्हणून दुसऱ्या आठवड्यात फोन आणि तिसऱ्या आठवड्यात भेट, अशी साधी वाटणी करता येते. सर्दी-ताप असलेल्या व्यक्तीने कधीच येऊ नये, आणि तुमच्या पेशींचा आकडा पाहून भेटीला तुमच्या डॉक्टरांची संमती घ्यावी. पण चार महिने कोंडून घेण्याचे कारण सहसा नसते.

पहिल्या आठवड्याबद्दल विचारते: केमोसोबत पाच दिवस स्टेरॉइडच्या गोळ्या असतात का, आणि त्या दिवसांत झोप उडते का?

सांजसावली:
असतात, आणि रात्री दोनला मी छताकडे पाहत पडलेली असते. गोळ्या सकाळी घेऊनही हीच गत आहे. एकीसाठी मसुदा लिहिला आहे: ‘तुला वेळ असेल आणि जमण्यासारखे असेल, तर कधीतरी फोन कर किंवा भेटायला ये. नाही जमले तरी अजिबात वाईट वाटून घेणार नाही.’

अबोली:
यात तुम्ही एकदा मागितले आहे आणि चारदा माघार घेतली आहे. ‘कधीतरी’ काढून तिथे वार घाला. नकाराची मोकळीक एकदाच आणि शेवटी द्या. कशाविषयी बोलायचे हेही लिहा, कारण लोक टाळतात ते बहुतेक वेळा चुकीचे काही बोलून जाऊ या धास्तीने. तुमच्या रात्री दोनचाही उपयोग करून घ्या.

सांजसावली:
पुन्हा लिहिले:

‘सोमवारी माझी तिसरी केमो आहे. त्यानंतरच्या पाच रात्री मला झोप नसते, तेव्हा रोज झोपण्यापूर्वी तुझा आवाज रेकॉर्ड करून पाठव. मी रात्री ऐकेन, उत्तर मात्र देईनच असे नाही. आजाराविषयी विचारलेस तरी चालेल, पण कोण बरे झाले आणि कोण गेले याच्या कथा नकोत. ऑफिसातली भांडणे सगळी हवीत, आणि माझ्या टोपीवर विनोद करायला तुला पूर्ण मुभा आहे. हे जमणार नसेल, तर तसे एका ओळीत कळव.’

दुसरीला तिसऱ्या आठवड्यातल्या शनिवारी पाच ते सहा घरी ये, सर्दी असेल तर फोन कर, असे लिहिले. तिसरीला दुसऱ्या आठवड्यात बुधवारी फोन करायला सांगितले.

रोखठोक:
मसुदा उत्तम आहे, आणि भेटीविषयीचे माझे मत मागे घेतो. पण दुसऱ्या गटाची गोष्ट मनात ठेवून केलेली मैत्री टिकेल असे मला वाटत नाही.

अबोली:
माझे मत वेगळे आहे. तो विषय आज काढलात, तर त्या तुमची माफी मागतील आणि त्यांची समजूत घालण्याचे काम पुन्हा तुमच्याच गळ्यात पडेल. सुझन सिल्क आणि बॅरी गोल्डमन यांनी 2013 मध्ये यावर वर्तुळांची एक साधी आकृती मांडली होती: मधोमध आजारी माणूस, त्याभोवती जवळचे, मग लांबचे. धीर आतल्या बाजूला द्यायचा, रडगाणे बाहेरच्या बाजूला गायचे. त्या दृष्टीने पाहिले, तर तुमच्यासमोर रडू नये म्हणून त्यांनी काढलेला गट सर्वस्वी चूक नव्हता. तुम्हाला थट्टेतूनही वगळले, ही मात्र चूकच झाली.

सांजसावली:
अकरा दिवसांनी लिहिते आहे. केमोच्या दुसऱ्या रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी पहिला संदेश ऐकला. सात मिनिटे ऑफिसातल्या खुर्चीवरून झालेले भांडण, मागे तिच्या मुलाची किरकिर, आणि शेवटी ‘टोपीचा फोटो पाठव, त्याशिवाय विनोद सुचत नाही’. पाठवला. आता पेशींचा आकडा ठीक आला, तर शनिवारची भेट नक्की आहे. त्या मैत्रिणीने सांगितले, की माझी बातमी वाचून तिने चार वेळा उत्तर लिहून खोडले आणि शेवटी चिन्हे पाठवली. दुसऱ्या गटाविषयी मी अजून काही विचारलेले नाही, आणि ते खुपत नाही असेही नाही.

तिसरीने संदेश वाचला, पण बुधवारी फोन आला नाही. तिचा भाऊ काही वर्षांपूर्वी रक्ताच्या कर्करोगाने गेला, हे मला तो पाठवून झाल्यावर आठवले. तिला पुन्हा लिहावे का?

अबोली:
एकदाच लिहा, आणि या वेळी काही मागू नका. ‘तुझ्या भावाची आठवण मला उशिरा आली. फोन राहू दे, तू ऐकलेले एखादे गाणे पाठवलेस तरी चालेल,’ एवढे पुरे. त्यालाही उत्तर आले नाही, तर निदान या सहा केमोंपुरते तिला सोडून द्यावे लागेल.

सांजसावली:
आज रात्री लिहिते.