इंटरव्ह्यूनंतरचा थँक्यू मेल: कामाचा की नुसता मस्का?

अंबड_लिंक_रोड
अंबडला एका ऑटो पार्ट्स कंपनीत क्वालिटी इंजिनिअरचा इंटरव्ह्यू ३ तारखेला झाला, पॅनलवर क्वालिटी हेड, प्लँट हेड आणि एचआर मॅडम. मॅडम म्हणाल्या १३ तारखेपर्यंत कळवतो. मी त्याच रात्री थँक्यूचा मोठा मेल टाकला, रिप्लाय शून्य. आज १७. त्यात चाकणच्या एका कंपनीची ऑफर आलीय आणि त्यांना २३ च्या आत हो-नाही सांगायचंय, मला खरंतर नाशिक सोडायचं नाहीये कारण घरी आई एकटी असते. आता विचारणा करू का? केली तर उतावळा वाटेल का? आणि तो थँक्यू मेल मुळात कोणी वाचतं तरी का?

सातपूर_सेकंड_शिफ्ट
नाही वाचत. स्पष्ट सांगतो, मी प्रॉडक्शनला आहे आणि वर्षाला पंधरा-वीस इंटरव्ह्यूला पॅनलवर बसतो. पोरगा उठून बाहेर गेला की आमच्यासमोर एक शीट असते त्यावर मार्क टाकायचे, खाली शेरा, सही, आणि ती शीट एचआरकडे. विषय संपला. रात्री ११ ला तू लिहितोस की आपला बहुमूल्य वेळ दिल्याबद्दल आभार, तोवर तुझे मार्क पडून गेलेले असतात. हे अमेरिकेतलं फॅड आहे आणि व्हिडिओवाल्यांनी इकडे आणलंय. सरळ फोन लाव, मॅडम माझं काय झालं विचार. नाशिक आहे हे, माणसं फोनवर बोलतात.

पुणे_रिटर्न
पूर्ण असहमत. थँक्यू मेल २४ तासांत गेलाच पाहिजे, आणि फक्त एचआरला नाही, पॅनलवरच्या प्रत्येकाला वेगळा. मी हिंजवडीत होतो तेव्हा असंच केलं आणि सिलेक्ट झालो. नंतर दर तिसऱ्या दिवशी एक छोटा फॉलोअप. डोळ्यासमोर राहायचं, नाहीतर विसरतात.

गंगापूर_रोड_ताई
१४ वर्षं प्लँट एचआरमध्ये काढली, आधी सातपूर मग सिन्नर, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सेकंड शिफ्टवाले दादा म्हणतात ते मार्कांपुरतं खरं आहे, थँक्यूने मार्क वाढत नाहीत. पण शीट दिली म्हणजे विषय संपला असं तुम्हाला वाटतं कारण तुमचं काम तिथे संपतं, आमचं तिथून सुरू होतं. शीट आल्यावर समजा दोघं पसंत पडले. पहिल्याचा पगार बसतो का बघायचं, नाही बसला तर प्लँट हेडची परवानगी, कधीकधी हेड ऑफिसची. मग त्याला ऑफर. तो म्हणतो तीन-चार दिवस द्या. तेवढ्यात तो जुन्या कंपनीत राजीनामा टाकतो आणि तिथला साहेब पगार वाढवून त्याला थांबवतो, हे मी कितीतरी वेळा बघितलंय. या सगळ्या काळात दुसऱ्या नंबरच्या मुलाला आम्ही काय सांगतो? काहीच नाही. नाही म्हटलं तर तो हातचा जातो आणि हो म्हणता येत नाही. म्हणून १३ ची १७ होते. भाऊ, ही शांतता म्हणजे नकार नाही, होकार तर अजिबात नाही.

आता तुमचा मेल. तो ज्या मेलवर इंटरव्ह्यूचं बोलावणं आलं त्यालाच रिप्लाय म्हणून गेला होता का नवीन? आणि लिहिलं काय होतं?

अंबड_लिंक_रोड
नवीन टाकला ताई, सब्जेक्टला फक्त Thank You. लिहिलं होतं की तुमची कंपनी माझी ड्रीम कंपनी आहे, मी मेहनती आहे, टीम प्लेअर आहे, मग माझ्या कॉलेजच्या प्रोजेक्टबद्दल दोन परिच्छेद, आणि सीव्ही परत जोडला. क्वालिटी हेडचा एक प्रश्न माझा चुकला होता त्याबद्दल काही लिहिलं नाही, म्हटलं कशाला आठवण करून द्यायची.

गंगापूर_रोड_ताई
कोणता प्रश्न?

अंबड_लिंक_रोड
गेज आर अँड आर, म्हणजे मोजायच्या साधनामुळे आणि मोजणाऱ्या माणसामुळे मापात येणारा फरक, किती टक्क्यांपर्यंत चालतं. मी गडबडीत ३० म्हणालो. ते फक्त हं म्हणाले.

सातपूर_सेकंड_शिफ्ट
अरे देवा. क्वालिटीचा माणूस आणि ३० सरसकट चालतं म्हणतो.

गंगापूर_रोड_ताई
बघा, थँक्यू मेलची खरी जागा इथे होती. त्या रात्री चार ओळी पुरल्या असत्या. पहिलीत वेळ दिल्याबद्दल आभार. दुसरीत त्या दिवशी बोललेली एखादी नेमकी गोष्ट, म्हणजे तुम्ही बोअर गेजच्या रिजेक्शनबद्दल सांगितलं ते काम मला करायला आवडेल वगैरे. तिसरीत, की गेजच्या प्रश्नाला मी अर्धवट उत्तर दिलं, १० टक्क्यांच्या आत चांगलं, १० ते ३० मध्ये वापर आणि खर्च बघून ठरवतात, ३० च्या वर सिस्टिम घेत नाहीत. चौथीत नाव, पद, फोन. एवढंच. असा मेल मी स्वतः क्वालिटी हेडला फॉरवर्ड केला असता कारण त्यात त्याच्या कामाचं काहीतरी आहे. ड्रीम कंपनीवाला मेल मी कोणालाच पाठवत नाही, अशा मेलमध्ये कंपनीचं नाव बदललं की तोच मजकूर कुठेही चालतो आणि आम्हाला ते लगेच कळतं.

पुणे रिटर्न, २४ तासांचं बरोबर आहे. पण सगळ्या पॅनलला वेगवेगळे मेल टाकले की ते सगळे मलाच फॉरवर्ड करतात, हे बघा काय आलंय म्हणून. एकदा एकाच मुलाचे तीन मेल आले, तिन्हीत शब्दन् शब्द तोच, फक्त सर आणि मॅडम बदललेलं. आणि दर तिसऱ्या दिवशी? त्याने मी तुम्हाला विसरत नाही, पण ज्या कारणाने लक्षात ठेवते ते तुम्हाला नको असेल.

सातपूर_सेकंड_शिफ्ट
ते गेजवालं मात्र मला आवडलं असतं, खोटं कशाला बोलू. चूक झाली आणि घरी जाऊन बघितलं, शॉपफ्लोअरला असा माणूस लागतो. बाकी थँक्यूबद्दल माझं मत तेच.

पंचवटी_पार
मला नाही पटत. समोरच्याने कदाचित नीट ऐकलं पण नसेल, हं म्हणाला म्हणजे काय, तो फोन बघत असेल. आपणच लेखी देऊन टाकायचं की मी चुकलो? आणि घरी जाऊन गुगल करून कोणीही बरोबर उत्तर लिहील, त्यात काय सिद्ध होतं.

गंगापूर_रोड_ताई
तुमचा मुद्दा अगदीच सोडून देण्यासारखा नाही. तीन-चार चुका झाल्या असतील तर सगळ्यांची दुरुस्ती पाठवत बसू नये, ती उत्तरपत्रिका होते. एकच, आणि तीही कामाच्या गाभ्यातली.

तिसरा_अटेम्प्ट
मेल अजिबात करू नका!!! माझ्या मित्राच्या जाहिरातीत स्पष्ट लिहिलं होतं की कोणत्याही प्रकारे शिफारस किंवा दबाव आणायचा प्रयत्न केल्यास उमेदवार अपात्र. मुलाखत मंडळाला थँक्यू म्हणजे तोच प्रकार झाला ना. निकाल वेबसाइटवर लागतो, तो बघा.

पुणे_रिटर्न
भाऊ तो प्रायव्हेट कंपनीचं विचारतोय.

तिसरा_अटेम्प्ट
अच्छा, अंबड वाचलं आणि पुढचं नाही वाचलं. पण सरकारी वाल्यांनी हे लक्षात ठेवा, तिथे निवड समितीच्या माणसाला वैयक्तिक मेल करूच नये.

गंगापूर_रोड_ताई
हे मात्र खरंय, सरकारी भरतीत नकोच.

आता विचारणा. करा, आणि उद्या सकाळी करा, १० च्या पुढे, प्रॉडक्शन मीटिंग उरकल्यावर. १३ उलटून चार दिवस झाले, कोणी उतावळा म्हणणार नाही. त्यांनी तारीखच दिली नसती तर मी इंटरव्ह्यूपासून सात ते दहा कामाचे दिवस थांबा म्हटलं असतं. त्या कंपनीची साप्ताहिक सुट्टी कधी ते पण बघा, आमच्याकडे शनिवारी असायची आणि मुलं शनिवारी मेल टाकून सोमवारी रडायची.

यावेळी इंटरव्ह्यूच्या बोलावण्याच्या मेललाच रिप्लाय द्या, सब्जेक्ट बदलू नका. त्यात पद, तारीख, वेळ सगळं खाली आपोआप दिसतं, मला शोधावं लागत नाही. मेल तुम्ही इंग्रजीत लिहाल, मजकूर साधारण असा:

नमस्कार मॅडम, ३ तारखेला क्वालिटी इंजिनिअर पदासाठी माझा इंटरव्ह्यू झाला होता. १३ पर्यंत कळवू असं आपण म्हणाला होतात, म्हणून विचारतोय. दरम्यान मला दुसऱ्या कंपनीची ऑफर आली आहे आणि २३ च्या आत उत्तर द्यायचं आहे. मला आपल्याकडे नाशिकमध्येच काम करायला आवडेल. निर्णय साधारण कधी होईल याचा अंदाज २० पर्यंत मिळाला तर मला तिकडे उत्तर देणं सोपं जाईल.

बस. सीव्ही परत नको, गेजची दुरुस्ती आता नको, एका मेलमध्ये दोन विषय घातले की मूळ प्रश्न राहून जातो. आणि एनी अपडेट असं नुसतं विचारू नका, त्याला इन प्रोसेस एवढंच उत्तर येतं. तारीख विचारली की निदान आत कुणाला तरी विचारावं लागतं.

पंचवटी_पार
दुसरी ऑफर सांगायची? ते म्हणतील मग जा की चाकणला.

सातपूर_सेकंड_शिफ्ट
इथे मी ताईंच्या बाजूने. आमच्याकडे एकाने असं कळवलं तर एचआरवाली दोन दिवस साहेबांच्या केबिनबाहेर उभी होती सहीसाठी. पण ऑफर खरी पाहिजे, लेटर दाखवा म्हटलं आणि नसलं तर मग झालं कल्याण. आणि आकडा लिहू नको, नाहीतर ती घासाघीस होते.

पंचवटी_पार
माझ्या बाबतीत उलट झालं, सांगितलं आणि दुसऱ्याच दिवशी रिग्रेट आलं.

गंगापूर_रोड_ताई
होतं असंही. तुम्ही दुसऱ्या-तिसऱ्या नंबरवर असाल तर ते तुम्हाला मोकळं करतात. पण चाकणची मुदत चालू असताना ते कळणं हा पण फायदाच ना? एक विचारायचं राहिलं, हा इंटरव्ह्यू कन्सल्टन्सीमार्फत होता का?

अंबड_लिंक_रोड
हो ताई, मुंबई नाक्याजवळच्या एका कन्सल्टन्सीतून.

गंगापूर_रोड_ताई
अहो मग आधी त्यांना फोन. कंपनीला थेट विचारलं की कन्सल्टंटला वाटतं त्याला बाजूला सारलं. त्याला सांगा, मी उद्या मॅडमना मेल करतोय, तुम्हाला सीसीत ठेवू का? बहुतेक वेळा तो म्हणतो थांबा, मीच विचारतो. एक दिवस द्या, नाही विचारलं तर मेल टाका.

अंबड_लिंक_रोड
अपडेट. कन्सल्टंट म्हणाला तुम्हीच टाका, मला सीसी करा. १८ ला सकाळी टाकला, ताईंनी दिला तसाच. आज १९, दुपारी रिप्लाय आला: तुमची प्रोफाइल विचाराधीन आहे, हेड ऑफिसची मंजुरी बाकी आहे, २४ पर्यंत नक्की सांगू. म्हणजे चाकणच्या मुदतीच्या बरोबर एक दिवस नंतर 😅

पुणे_रिटर्न
चाकणला हो म्हण, नंतर इकडचं झालं तर तिकडे जॉइन होऊ नको. सगळे करतात.

गंगापूर_रोड_ताई
सगळे करतात आणि आम्ही त्यांची नावं पण लक्षात ठेवतो. त्यापेक्षा चाकणवाल्यांकडे दोन कामाचे दिवस मागून बघा, घरच्यांशी बोलायचंय म्हणून, ते खरंच आहे तुमच्या बाबतीत. मंजुरी बाकी हे शब्द मला बरे वाटतात, पण मंजुरी तुमच्या नावाची की पदाचीच ते यावरून कळत नाही.

सातपूर_सेकंड_शिफ्ट
मी तर म्हणतो फोन करून हेच विचार, नावाची की पदाची.

गंगापूर_रोड_ताई
मी असते तर फोनवर सांगितलं नसतं.

सातपूर_सेकंड_शिफ्ट
आवाजावरून कळतं ओ ताई.

अंबड_लिंक_रोड
चाकणला २५ पर्यंत मुदत मागणारा मेल टाकलाय. बोलावण्याच्या मेललाच रिप्लाय म्हणून, चार ओळी.