विषय: नाशिकच्या शाळेची फीची नोटीस, जरा बघून द्या

स्वातीने लिहिलं:

नमस्कार मंडळी, मी परत नाशिकला आल्यापासून इंदिरानगरच्या एका शाळेत पालक समितीवर आहे, काहींना माहितीच आहे. ऑफिसने दुसऱ्या हप्त्याची नोटीस काढायला दिलीये, ती अशी:

> सर्व पालकांना सूचित करण्यात येते की चालू सत्राची थकीत व देय फी एकूण रु. 12,400 येत्या 10 तारखेपर्यंत भरावी, अन्यथा नियमानुसार विलंब शुल्क आकारण्यात येईल. आदेशावरून.

मागच्या वेळी अशीच नोटीस गेली आणि 11 तारखेला काउंटरवर नुसता गोंधळ, हे बारा हजार कसले, आज भरले तर दंड किती, बसचे पैसे यात आहेत का. क्लार्क मावशी वैतागून गेल्या. आपल्यातले बरेच जण इकडच्या भाचे-पुतण्यांची फी परदेशातून भरतात, म्हणून इथे टाकतेय. काय बदलू?

सुहासकाकांनी लिहिलं:

स्वाती, सोपं आहे, तारीख ठळक आणि लाल अक्षरात टाक, बाकी लोक वाचतच नाहीत. आमच्या सोसायटीच्या मेंटेनन्सला मी हेच केलं आणि फरक पडला.

मंगेशने लिहिलं:

दरवर्षी फी वाढवतात त्याचं काय ते आधी बोला ना. माझ्या पुतण्याची गेल्या वर्षी परस्पर वाढवली, समितीला विचारलं पण नाही म्हणे. नोटीस सुंदर लिहून काय होणार?

स्वातीने लिहिलं:

मंगेश, फीवाढ हा वेगळा विषय, त्यावर वेगळा धागा काढ, मी नक्की बोलेन. ही फी आधीच मंजूर झालेली आहे. आत्ता फक्त नोटीस.

वैशालीताईंनी लिहिलं:

स्वाती, मी इकडे यायच्या आधी नाशिकरोडच्या एका शाळेत बरीच वर्षं फी काउंटरला होते, त्यामुळे हा गोंधळ अगदी ओळखीचा आहे. सुहासकाका, लाल अक्षराने तारीख दिसते हे खरं, पण भांडण तारखेवरून कमी आणि आकड्यावरून जास्त होतं.

आधी ते 12,400 फोड. ऑफिसला विचार त्यात काय काय आहे. माझा अंदाज, हप्ता, बस आणि मागची बाकी एकत्र केलेत. पालक आपल्या डोक्यातला हप्त्याचा आकडा धरून बसतो आणि कागदावर वेगळाच दिसला की त्याला वाटतं फी वाढवली. मग तो भरायला येत नाही, विचारायला येतो, आणि तोवर तारीख उलटते. शिवाय सगळ्यांना एकच आकडा छापला तर ज्याचा मुलगा बसने येत नाही त्याला तो लागूच नाही. छापील नोटिशीत फक्त हप्ता लिहा, बस आणि बाकी ज्याची त्याला वेगळ्या ओळीत.

'येत्या 10 तारखेपर्यंत' याच्यापुढे महिना, वार आणि वेळ हवी. यंदा 10 ऑक्टोबर शुक्रवारी येतोय, 11 ला दुसरा शनिवार म्हणजे बँक बंद, 12 ला रविवार. चेक टाकणारा म्हणणार मी 10 ला दिला, ऑफिस म्हणणार 13 नंतर वटला. तेव्हा काय धरणार ते आधीच लिहून टाका. आम्ही चेक काउंटरला दिलेला दिवस धरायचो, न वटल्यास मात्र सवलत रद्द.

आणि 'नियमानुसार' काढ. कुठला नियम ते पालकाला कुठे माहीत असतं? रोज किती, कधीपासून, जास्तीत जास्त किती, एवढं लिही. पण समितीत जे मंजूर झालंय तेच.

निखिलने लिहिलं:

वेळेचं खरंच लिहा. मी सॅन होजेहून बहिणीच्या मुलाची फी भरतो, इथे 10 ची रात्र, 8 वाजले होते, निवांत भरली, तर तिकडे 11 ची सकाळ साडेआठ. दंड लागला. भारतीय वेळ असा एक शब्द टाकला असता तर मी आदल्या दिवशी भरली असती. दुसरं, गेटवेवर पैसे कापले जातात आणि पावती येत नाही, मग माणूस घाबरून परत भरतो. त्याचं पण एक वाक्य असू दे.

स्वातीने लिहिलं:

वैशालीताई अंदाज बरोबर, ऑफिसमधून कळलं की 9,500 हप्ता, 1,800 बस आणि 1,100 एका वर्गाच्या पालकांची जूनची बाकी, ते सगळ्यांना छापलं होतं!! विलंब आकार रोज 20 रुपये, कमाल 500, आणि तो फक्त हप्त्यावर, बसवर नाही. आता असं लिहिलंय:

> दुसरा हप्ता (ऑक्टोबर ते डिसेंबर): 9,500 रुपये.
> शेवटची तारीख: शुक्रवार, 10 ऑक्टोबर 2025. काउंटरवर दुपारी 1 पर्यंत, ऑनलाइन रात्री 11:59 पर्यंत (भारतीय वेळ). 10 ला भरल्यास विलंब आकार नाही. चेक काउंटरला दिलेला दिवस धरला जाईल.
> शनिवार, 11 ऑक्टोबरपासून रोज 20 रुपये, सुट्टीचे दिवस धरून, जास्तीत जास्त 500 रुपये. उदा. बुधवारी 15 तारखेला भरल्यास 5 दिवसांचे 100, एकूण 9,600.
> बसचे पैसे व मागील बाकी असल्यास ती मुलाच्या डायरीत वेगळी लिहिलेली आहे.
> पैसे कापले गेले पण पावती आली नाही तर पुन्हा भरू नका, व्यवहार क्रमांक ऑफिसला कळवा.

वैशालीताईंनी लिहिलं:

छान. उदाहरण तर हवंच होतं, कारण 15 ला भरलं की चार दिवस की पाच यावर काउंटरला तावातावाने वाद होतात. फक्त एक, एसएमएस वेगळा लागेल. मराठीत एका मेसेजमध्ये 70 अक्षरं बसतात आणि काना, मात्रा, वेलांटी सगळं वेगळं मोजलं जातं, त्यामुळे लांब झाला की तो दोन-तीन तुकड्यांचा होतो आणि पैसे तेवढ्या पट. हे बघ:

> हप्ता 2: रु 9500. शेवटची तारीख 10 ऑक्टो, शुक्र. नंतर रोज रु 20.

मोजलं, 63 आहेत. कमाल 500 बसत नाही, ते कागदावर आहेच. मेसेजचा नमुना कंपनीकडे आधी मंजूर करून घ्यावा लागतो, शेवटच्या दिवशी शब्द बदलता येत नाहीत, म्हणून आजच पाठव.

सुहासकाकांनी लिहिलं:

मान्य. पण तारीखच चुकीची वाटते मला. सातपूर-अंबडला बऱ्याच कंपन्यांचा पगार 7 ते 10 च्या दरम्यान होतो, ज्याचा 10 ला होतो त्याला दुपारी 1 चं काउंटर कुठे गाठता येणार? 15 तारीख करा.

स्वातीने लिहिलं:

काका, तारीख यंदा समितीत ठरून गेलीये, आता बदलली तर जुनी नोटीस आणि नवी नोटीस दोन्ही फिरतील, म्हणून यंदा नाही, पुढच्या हप्त्याला मांडते. काउंटर संध्याकाळी तासभर उघडा ठेवता येईल का ते विचारते.

मंगेशने लिहिलं:

आणि दिवाळीच्या सुट्टीत? ऑफिस बंद, पण रोजचे 20 चालूच. रोख भरणारा माणूस कुठे जाणार? मागे माझ्या पुतण्याच्या घरच्यांचं हेच झालं.

वैशालीताईंनी लिहिलं:

मंगेशचा मुद्दा बरोबर आहे. 500 ची मर्यादा 4 नोव्हेंबरला गाठली जाते, म्हणजे मधले बरेच दिवस सुट्टीतलेच. आमच्याकडे ऑफिस बंद असेल ते दिवस सोडायचो, पण मग ऑनलाइन भरणाऱ्यालाही ती सूट मिळते, आणि तारीख पाळणाऱ्यांनी त्यावर कुरकुर केली होती. दोन्ही बाजूंनी बोंब आहे.

स्वातीने लिहिलं:

हे मी शनिवारच्या मीटिंगला घेते. तोपर्यंत 'सुट्टीचे दिवस धरून' हे शब्द कंसात ठेवलेत आणि छापायला दिलेलं नाही. मेसेजचा नमुना मात्र आज जातोय. वैशालीताई, रोखवाल्यांसाठी वेगळा नियम केला तर काउंटरला तो सांभाळता येतो का, तुमचा अनुभव सांगा, क्लार्क मावशींना मी तेच विचारणार आहे.