मदत हवी आहे: झेड-स्कोअर शून्यावर येऊनही जोडीच्या सौद्यात तोटा का दिसतो?

वैजयंती_स: एचडीएफसी बँक आणि आयसीआयसीआय बँक यांच्या फ्युचरमध्ये व्यवहार सुरू करण्यापूर्वी मी मागील दोन वर्षांच्या बंद भावांवर पद्धत पडताळून पाहत आहे. रिग्रेशनच्या गुणकाने स्प्रेड काढते आणि २० दिवसांच्या सरकत्या सरासरीवरून झेड-स्कोअर मोजते, तो −२.५ झाला की स्प्रेड विकत घेते व शून्यावर आला की बाहेर पडते. स्प्रेडवर `adfuller` चालवल्यास −३.१ येते, म्हणजे ५ टक्क्यांची −२.८६ ही मर्यादा ओलांडली जाते. तरीही, खर्च न धरताही, अनेक सौदे तोट्यात बंद होतात. दोष नेमका कुठे असावा?

रोखे_वाचक: दोन्ही शेअरांचा सहसंबंध ०.९ च्या वर असेल तर जोडी योग्यच आहे. २० ऐवजी ६० दिवस धरून पाहा.

मुलुंडकर: मी पूर्वी एचडीएफसी लि. आणि एचडीएफसी बँक ही जोडी घेत असे. ती फार शिस्तीत चालायची. तशी दुसरी जोडी कोणी सुचवेल का?

अ_गोखले: मुलुंडकर, ४ एप्रिल २०२२ ला विलीनीकरण जाहीर झाल्यावर ती जोडी २५ शेअरांमागे ४२ या गुणोत्तराला बांधली गेली होती, ती शिस्त संख्याशास्त्राची नव्हती.

वैजयंतीताई, तुमचा स्प्रेड परतत नाही, सरासरीच त्याच्याकडे सरकते. समजा प्रवेशाच्या दिवशी सरासरी १०० रुपये, प्रमाण विचलन १० आणि स्प्रेड ७५ होता. पुढे तो ७२ वर रेंगाळला, तर २० दिवसांत सरासरीही ७२ च्या आसपास येते, झेड-स्कोअर शून्य दाखवतो आणि तुम्ही ३ रुपये गमावून बाहेर पडता. म्हणून प्रवेशाच्या दिवसाची सरासरी, विचलन आणि गुणक त्या सौद्यापुरते गोठवा. ६० दिवसांनी हा दोष मंदावेल, पण जाणार नाही. आणि सहसंबंध कितीही असला तरी दोन भावांमधले अंतर वाढतच जाऊ शकते.

दुसरे म्हणजे, गुणक त्याच भावांवरून काढलेला असल्याने स्प्रेड मुळातच स्थिर भासतो. अशा वेळी ५ टक्क्यांची मर्यादा साधारण −३.३४ असते, −३.१ तिथे कमी पडते. `adfuller` ऐवजी हे वापरा:

```python
from statsmodels.tsa.stattools import coint
t, p, crit = coint(hdfcbank, icicibank)
```

वैजयंती_स: गोठवून पाहिले. खोटे शून्य गेले, पण आता काही सौदे महिनोन्‌महिने उघडेच राहतात.

अ_गोखले: त्यासाठी मुदत हवी. स्प्रेडचे सरासरीपासूनचे अंतर निम्मे होण्यास साधारण ८ दिवस लागत असतील, तर १६ ते २० दिवसांनी नफा-तोटा न पाहता सौदा बंद करावा. झेड −३.५ ला गेला तरीही बंद. मात्र निकालाच्या दिवशी या स्टॉपवर विसंबू नका. १७ जानेवारी २०२४ ला तिमाही निकालांनंतर एचडीएफसी बँक खाली उघडली आणि दिवसभरात ८ टक्क्यांहून अधिक घसरली. कोणत्याही एका बँकेचे निकाल असतील, तर मी आदल्या दिवशी दोन्ही पाय मोकळे करतो.

रोखे_वाचक: पण गुणक गोठवायचा तर नव्या सौद्यासाठी तो किती दिवसांच्या भावांवरून काढायचा? वर्षाच्या आणि दोन वर्षांच्या भावांवरून माझे आकडे बरेच वेगळे येतात.

अ_गोखले: वर्षाच्या आणि दोन वर्षांच्या भावांवर `coint` चा निष्कर्ष बदलत असेल, तर मी ती जोडी घेत नाही. निष्कर्ष तोच राहिला तर मी वर्षाचा गुणक घेतो, पण त्याला माझ्याकडे ठोस आधार नाही.