मुलाखतीआधीची दोन मिनिटं

«रिसेप्शनवर थांबलेलं असताना एचआरवाले गप्पा मारतात, त्याचे खरंच मार्क असतात का?»

फॉर्मवर त्याचा रकाना नसतो, पण परिणाम होतो. चाकणच्या एका कारखान्यात मी बरीच वर्षं भरती बघितली. उमेदवाराला घ्यायला मीच खाली जायचो आणि जिना चढताना विचारायचो, "यायला त्रास नाही ना झाला?"

एकदा एकाच पदासाठी दोघे आले. पहिला म्हणाला, "नाही सर," आणि गप्प झाला. दुसरा म्हणाला, "नाशिक फाट्यापासून गर्दी होती, पण लवकर निघालो होतो. तुमची पहिली पाळी किती वाजता सुटते?" वर पोहोचेपर्यंत तो मला आवडला होता. मग तो पहिल्या प्रश्नावर अडखळला तेव्हा मी त्याला सावरून घेतलं. पहिला अडखळला तेव्हा नुसता थांबलो. त्यांच्या उत्तरांत फारसा फरक नव्हताच, फरक माझ्या वागण्यात होता. हे मला टिपणं वाचताना कळलं आणि फार लागलं.

त्यानंतर आम्ही सगळ्यांना तेच प्रश्न त्याच क्रमानं विचारू लागलो आणि प्रत्येक उत्तराला लगेच गुण देऊ लागलो. तरी पहिल्या एक-दोन उत्तरांवर त्या गप्पांची छाया राहतेच, पुढे ती विरते.

म्हणून तुम्ही उभं राहून नमस्कार करा, उत्तराला एक खरा तपशील जोडा आणि कामाबद्दल एक साधा प्रश्न विचारा. गाव, लग्न, घरची माणसं यांवर गप्पा वळल्या तर थोडक्यात बोलून विषय कामाकडे आणा. आणि रिसेप्शनवरच्या ताईंशीही तसंच बोला, "कसा वाटला?" असं मी त्यांना हमखास विचारायचो.